दार का उघडत नाही?

9 जून 2025 ला सोलापूर–गोवा विमानसेवा सुरू झाली आणि होटगी रोडच्या विमानतळावर कितीतरी घरांतली माणसं पहिल्यांदाच विमानाची पायरी चढली. वाटेत हवामान बिघडलं, विमान भलत्याच गावी उतरवलं आणि तासन्‌तास तिथंच उभं राहिलं, तर आपल्याला खाली का उतरू देत नाहीत, हे त्यांना माहीत असायला हवं.

याचं मूळ सांगायला मला एकच रात्र पुरेशी वाटते. 7 ऑगस्ट 2009 ला ह्यूस्टनहून मिनियापोलिसला निघालेलं छोटं विमान वादळामुळे अमेरिकेतल्याच रॉचेस्टरला उतरलं. आत 47 प्रवासी होते, टर्मिनल समोर दिसत होतं. सुरक्षा तपासणीचे कर्मचारी घरी गेलेत, म्हणून कुणाला आत घेता येणार नाही, असं जमिनीवरून सांगण्यात आलं. वैमानिक विनवण्या करत राहिली. एकुलतं एक शौचालय भरून गेलं, लेकरं रडत होती आणि दार उघडायला सुमारे सहा तास लागले. चौकशीत कळलं, की तसा नियमच नव्हता! प्रवाशांना टर्मिनलच्या बंदिस्त भागात बसवता आलं असतं.

एप्रिल 2010 पासून अमेरिकेत देशांतर्गत विमानांतल्या प्रवाशांना जमिनीवर विमानातच बसवून ठेवण्याला तीन तासांची मर्यादा आली. दोन तासांच्या आत खाणं-पाणी, चालू शौचालय आणि गरज पडल्यास वैद्यकीय मदत द्यायची. मोडल्यास तेव्हा दंड होता प्रवाशागणिक 27,500 डॉलरपर्यंत. सुरक्षेचं किंवा हवाई वाहतूक नियंत्रणाचं कारण असेल तर मात्र सूट.

आपल्याकडेही अडचण तीच होती. एकदा चढलेला प्रवासी उतरला, की पुन्हा तपासणी. जानेवारी 2024 मध्ये गोव्याहून दिल्लीला निघालेलं विमान धुक्यामुळे मुंबईला वळवलं, तेव्हा प्रवासी विमानाशेजारीच जमिनीवर बसून जेवले. त्यानंतर मार्चअखेर नागरी विमान सुरक्षा ब्युरोने लांबलेल्या खोळंब्यात प्रवाशांना विमानतळाच्या निर्गमन दारातून बाहेर येऊ देण्याची मुभा दिली. त्याच वर्षी नोव्हेंबरात खाण्यापिण्याचं ठरलं: दोन तासांपर्यंत पाणी, दोन ते चार तासांत चहा-कॉफी आणि नाश्ता, त्यापुढे जेवण.

म्हणून अशा वेळी विमानातल्या कर्मचारी ताई-दादांना नीट विचारा, “निर्गमन दारातून उतरवण्याबद्दल विमानतळाशी बोलणं झालंय का?” पाणी मागायला संकोचू नका. शिडी लागलेली असेल तर दार उघडं ठेवायची विनंती करा. एकट्याने उतरायचं म्हटलं, तर सामानकक्षातली तुमची बॅग शोधून काढावी लागते, त्यात सगळ्यांचाच वेळ जातो. तरी छातीत दुखत असेल, साखर उतरली असेल, तर गप्प राहू नका, लगेच सांगा.

बीपी-शुगरच्या गोळ्या चेक-इनच्या बॅगेत कधीच टाकू नका. आईने बांधून दिलेली कडक भाकरी हातातल्या पिशवीत असू द्या, आणि तपासणी झाल्यावर पाण्याची बाटली भरून घ्या. कोरडी भाकरी पाण्याशिवाय घशाखाली उतरत नाही.