पंच्याण्णव टक्के नेमके कशाचे?

संख्याशास्त्राच्या प्राथमिक अभ्यासक्रमात विश्वास-अंतराल, म्हणजेच कॉन्फिडन्स इंटरव्हल, शिकवणारी स्लाइड बहुधा एकाच साच्याची असते. वर सूत्र, मध्ये एक सोडवलेले उदाहरण आणि तळाशी ठळक अक्षरांत निष्कर्ष. समजा, उदाहरण बॅटऱ्यांचे आहे. एका मोठ्या साठ्यातून २५ बॅटऱ्या यादृच्छिक पद्धतीने उचलल्या, त्या संपेपर्यंत चालवल्या आणि त्यांचे सरासरी आयुष्य ५०.६ तास भरले. एकेका बॅटरीच्या आयुष्याचे प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीभोवती ते किती पसरते याचे माप, २ तास आहे, हे आधीपासून ठाऊक आहे. या २ तासांना २५ च्या वर्गमुळाने, म्हणजे ५ ने भागले की ०.४ तास ही प्रमाण त्रुटी, म्हणजे नमुन्यांच्या सरासऱ्या किती पसरतात याचे माप, मिळते. तिला १.९६ ने गुणल्यावर साधारण ०.७८ येतात आणि ५०.६ मधून ते वजा व अधिक केले की ४९.८२ ते ५१.३८ तास हे अंतराल तयार होते. खाली निष्कर्ष असा: ‘साठ्याची खरी सरासरी ४९.८२ आणि ५१.३८ यांच्या दरम्यान असण्याची संभाव्यता ९५ टक्के आहे.’

आकडेमोड अचूक आहे. शेवटचे वाक्य मात्र चुकीचे आहे. ही चूक शब्दच्छलाची आहे असे अनेकांना वाटते, आणि प्रथमदर्शनी तसे वाटणे स्वाभाविकही आहे. म्हणून ती नेमकी कोठे शिरते हे थोडे सावकाश पाहिले पाहिजे.

साठ्याची खरी सरासरी ही एक ठरलेली संख्या आहे. आपल्याला ती माहीत नाही एवढेच. ती हलत नाही. हलतो तो नमुना. आज उचललेल्या २५ बॅटऱ्यांची सरासरी ५०.६ आली, दुसऱ्या २५ उचलल्या असत्या तर ती ५०.१ किंवा ५१.० आली असती. अशा असंख्य नमुन्यांच्या सरासऱ्या खऱ्या सरासरीभोवती घंटेच्या आकाराच्या नॉर्मल वक्राप्रमाणे पसरतात, आणि त्या वक्राखालचे ९५ टक्के क्षेत्रफळ मध्यापासून दोन्ही बाजूंना १.९६ प्रमाण त्रुटींच्या आत सामावते. म्हणजे १०० पैकी सरासरी ९५ वेळा नमुन्याची सरासरी खऱ्या सरासरीपासून ०.७८ तासांच्या आत असते. आता मी तुमच्यापासून दहा पावलांच्या आत उभा असेन, तर तुम्हीही माझ्यापासून दहा पावलांच्या आतच असता. त्यामुळे नमुन्याच्या सरासरीभोवती ०.७८ तासांचा पट्टा आखला, तर तो पट्टाही १०० पैकी सरासरी ९५ वेळा खऱ्या सरासरीला कवेत घेणार. विश्वास-अंतरालामागची सगळी युक्ती एवढीच आहे. तिच्यातील संभाव्यता पट्ट्याच्या हलण्यातून येते, खऱ्या सरासरीच्या हलण्यातून नव्हे.

हे समजावण्यासाठी पुढच्या स्लाइडवर बहुतेक वेळा १०० आडव्या रेषा दाखवतात. मधोमध खऱ्या सरासरीची उभी रेघ असते, ९५ रेषा तिला छेदतात आणि ५ रेषा हुकलेल्या म्हणून लाल रंगात असतात. चित्र चांगले आहे, पण जरा जास्तच नीटनेटके आहे: १०० अंतराले काढल्यावर बरोबर ५ च हुकण्याची संभाव्यता जेमतेम १८ टक्के असते. अधिक महत्त्वाची उणीव अशी की प्रत्यक्ष कामात ती उभी रेघ दिसत नाही आणि हातात १०० नव्हे, एकच रेषा असते. ती काळ्यांतील की लाल, हे तिच्याकडे पाहून कळत नाही.

येथे चिकित्सक वाचक एक रास्त आक्षेप घेईल. नाणे उडवून तळहाताखाली झाकले, तर छाप की काटा हे ठरून गेलेले असते. तरीही आपण ‘पन्नास टक्के’ म्हणतोच. मग काढून झालेल्या अंतरालाबद्दल ‘९५ टक्के’ म्हणायला काय हरकत आहे? हरकत अशी की झाकलेल्या नाण्याबद्दल आपल्याला नवे काहीच कळलेले नसते, तर अंतराल काढताना मात्र सामग्री डोळ्यांसमोर आलेली असते, आणि कधी कधी तीच सामग्री मूळ टक्केवारीला खोटे पाडते.

याचे एक लहानसे उदाहरण आहे. पडद्यामागे १०० सेंटिमीटर लांबीची एक दांडी आडवी ठेवली आहे आणि तिचा मध्यबिंदू कोठे आहे हे आपल्याला शोधायचे आहे. एक यंत्र दांडीवरचे कोणतेही दोन बिंदू, एकमेकांशी संबंध न ठेवता, यादृच्छिकपणे निवडते आणि त्यांच्या जागा पडद्यावर दाखवते. आपला नियम असा: या दोन बिंदूंमधला भाग म्हणजे मध्यबिंदूसाठीचे अंतराल. दोन बिंदू मध्याच्या दोन वेगवेगळ्या बाजूंना पडले तर अंतराल मध्याला गाठते, एकाच बाजूला पडले तर हुकते, आणि दोन्हींची शक्यता सारखीच असते. म्हणून हे निर्विवादपणे ५० टक्क्यांचे विश्वास-अंतराल आहे. लाखो वेळा प्रयोग केला तर साधारण निम्म्या वेळा ते बरोबर येईल.

आता एका फेरीत दोन बिंदू एकमेकांपासून ७० सेंटिमीटरवर पडले असे धरा. दांडीचा प्रत्येक अर्धा भाग ५० सेंटिमीटरचाच असल्यामुळे हे दोन्ही बिंदू एका बाजूला असूच शकत नाहीत. मध्यबिंदू त्यांच्यामध्ये नक्की आहे, शंभर टक्के. दुसऱ्या फेरीत ते केवळ २ सेंटिमीटर अंतरावर पडले. अशा २ सेंटिमीटरच्या फेऱ्याच वेगळ्या काढून मोजल्या, तर त्यांपैकी मध्यबिंदूला गाठणारी अंतराले सुमारे २ टक्के भरतात. गणित सोपे आहे, २ भागिले ९८. म्हणजे एकाच नियमाने काढलेली, ‘५० टक्के’ हीच चिठ्ठी लावलेली दोन अंतराले: एक निश्चित बरोबर, दुसरे जवळजवळ निश्चित चूक. ५० हा आकडा खोटा नाही, पण तो यांपैकी कोणाही एकाचा नाही. तो नियमाचा आहे, आणि सर्व फेऱ्या एकत्र धरल्यावरचा आहे. सर्वांत खटकणारी गोष्ट म्हणजे येथे अरुंद अंतरालच अविश्वसनीय ठरते, जरी अरुंद म्हणजे अचूक अशीच आपली समजूत असते.

विश्वास-अंतरालांचा सिद्धान्त मांडणारे पोलिश गणिती येर्झी नेमन यांच्या मनात याविषयी संदिग्धता नव्हती. १९३७ सालच्या आपल्या प्रमुख निबंधात त्यांनी हा प्रश्न स्वतःच उपस्थित केला, की नमुना काढून झाल्यावर आणि दोन टोके आकड्यांत मिळाल्यावर, खरे मूल्य त्यांच्यामध्ये असण्याची संभाव्यता तीच असते असे म्हणता येईल का. आणि उत्तर स्पष्ट नकारार्थी दिले. त्याआधी १९३४ साली लंडनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीत त्यांनी ही कल्पना मांडली, तेव्हा चर्चेत इंग्रज संख्याशास्त्रज्ञ आर्थर बाउली यांनी हा ‘विश्वास’ म्हणजे विश्वासात घेऊन केलेली फसवणूक तर नव्हे ना, अशी शंका बोलून दाखवली होती. मला बाउली यांची शंका सिद्धान्तापेक्षा नावाला अधिक लागू वाटते. ‘विश्वास’ हा शब्द ऐकला की तो हातातील निकालावरचा विश्वास वाटतो, आणि गैरसमजाचे बी तेथेच पेरले जाते.

तरीही बॅटऱ्यांच्या उदाहरणात चुकीचे वाक्य कोणाला महागात का पडत नाही? कारण प्रमाण विचलन ठाऊक असताना नॉर्मल वक्राच्या सामग्रीतून निघालेले प्रत्येक अंतराल सारख्याच रुंदीचे असते; कोणते भरवशाचे आणि कोणते नाही हे उघड करणारी दांडीसारखी खूण त्यात नसते. शिवाय खऱ्या सरासरीबद्दल आधी काहीच कल नव्हता असे गृहीत धरून, आधीची समजूत आणि नवी सामग्री यांची सांगड घालणाऱ्या बेझच्या पद्धतीने गणित केले, तर तेथेही ४९.८२ ते ५१.३८ हेच आकडे मिळतात, आणि त्या चौकटीत ‘९५ टक्के संभाव्यता’ म्हणण्याची मुभा असते. मात्र ती मुभा त्या गृहीतकाची किंमत देऊन मिळते. उलट, अशा साठ्यांची सरासरी ५० तासांच्या अगदी जवळ असते हे पूर्वानुभवाने पक्के माहीत असेल, तर तीच संभाव्यता वेगळी येईल. स्लाइड हे गृहीतक न सांगता त्याचे फळ तेवढे घेते.

याच अंतरालाचे आणखी दोन चुकीचे अर्थ नेहमी ऐकू येतात. साठ्यातील ९५ टक्के बॅटऱ्या ४९.८२ ते ५१.३८ तास चालतील, हा पहिला. हे अंतराल सरासरीबद्दलचे आहे. एकेकट्या बॅटऱ्या त्याच्या कितीतरी बाहेर पसरलेल्या असतात, साधारण पाचपट रुंद पट्ट्यात. दुसरा अर्थ असा, की पुन्हा २५ बॅटऱ्या तपासल्या तर त्यांची सरासरी ९५ टक्के वेळा याच अंतरालात येईल. पण पहिली सरासरीही खऱ्या मूल्यापासून थोडी सरकलेली असते आणि दुसरीही स्वतंत्रपणे सरकते, त्यामुळे हा आकडा सरासरीने सुमारे ८३ टक्केच भरतो.

खरे नुकसान होते ते निवडीमुळे. समजा, एखाद्या संशोधकाने मुळीच फरक नसलेल्या १०० जोड्यांची तुलना केली आणि प्रत्येक जोडीतील फरकासाठी ९५ टक्क्यांचे अंतराल काढले. सुमारे ५ अंतराले शून्याला वगळतील. ‘लक्षणीय फरक’ म्हणून त्याने तेवढीच पाच अहवालात छापली, तर प्रत्येकासमोर ९५ टक्के असे लिहिलेले असेल आणि पाचही चूक असतील. हमी शंभरांच्या समूहाची होती. त्यातून शून्याला टाळणारीच वेचली की ती उरत नाही. म्हणून अहवालात सुटे अंतराल पाहिले, की एकूण किती काढली होती आणि ही कोणत्या कारणाने पुढे आली, हे विचारावे लागते.

बॅटऱ्यांच्या स्लाइडच्या तळाचे वाक्य बदलायचे, तर मी असे लिहीन: ‘आपण वापरलेल्या पद्धतीने काढलेल्या अंतरालांपैकी दीर्घकाळात ९५ टक्के अंतराले खऱ्या सरासरीला सामावून घेतात; या नमुन्यातून मिळालेले अंतराल ४९.८२ ते ५१.३८ तास आहे.’ संभाव्यता पहिल्या अर्ध्यात राहते, आकडे दुसऱ्या अर्ध्यात, आणि मध्ये अर्धविराम. आणि २ तासांचे विचलन आधीपासून ठाऊक नसून त्याच २५ बॅटऱ्यांवरून काढलेले असेल, तर १.९६ च्या जागी २.०६ घ्यावे लागतील. केवळ ५ बॅटऱ्या असतील तर २.७८, तेथे १.९६ च वापरले, तर ९५ टक्के म्हणून काढलेली अंतराले प्रत्यक्षात सुमारे ८८ टक्के वेळाच खऱ्या सरासरीला गाठतात.