अर्धी उंची कोणाची? डोस-रिस्पॉन्स आलेखांवरच्या प्रश्नांची पार्श्वभूमी

कोल्हापूरच्या राजारामपुरीत संध्याकाळी मी जीपॅटच्या, म्हणजे फार्मसीच्या पदव्युत्तर प्रवेश परीक्षेच्या मुलांना फार्माकॉलॉजी शिकवतो. आलेखांचा धडा आला की पहिल्या दिवशी काहीही न शिकवता मी फळ्यावर पुढचा तक्ता लिहितो. एकाच ऊतीवर दोन औषधं वेगवेगळी दिली आहेत. प्रतिसाद म्हणजे ती ऊती जास्तीत जास्त जेवढी आकुंचन पावू शकते त्याच्या किती टक्के आकुंचन झालं तो आकडा.

| डोस (मायक्रोग्रॅम प्रति मिलि) | औषध अ | औषध ब |
|---|---|---|
| ०.१ | १ | ५ |
| १ | ९ | ३० |
| १० | ५० | ५५ |
| १०० | ९१ | ५९ |
| १००० | ९९ | ६० |

खाली चार पर्याय. त्यांत पोटंट म्हणजे कमी डोसात काम करणारं, आणि एफिकसी म्हणजे औषध जास्तीत जास्त किती प्रतिसाद देऊ शकतं ते. पहिला: अ जास्त पोटंट, कारण त्याचा प्रतिसाद मोठा. दुसरा: ब हे अ च्या दुप्पट पोटंट. तिसरा: ब दहापट पोटंट, पण त्याची एफिकसी कमी. चौथा: दहाच्या डोसला ब पुढे आहे, म्हणून ते दोन्ही बाबतींत सरस.

बहुतेक हात पहिल्या पर्यायाला वर होतात. ज्यांनी घरी थोडं वाचलेलं असतं ते दुसऱ्याला हात करतात, आणि मला खरी काळजी त्यांचीच वाटते. त्यांनी आलेख काढलेला असतो, पन्नास टक्क्यांवर आडवी रेघ मारलेली असते, आणि ती रेघ ब च्या वक्राला साधारण पाचच्या डोसवर व अ च्या वक्राला दहावर छेदते हेही बरोबर वाचलेलं असतं. चूक फक्त रेघ कुठे मारायची यात झालेली असते. ही चूक कळायला हा आलेख असा का दिसतो, हे जाणून घ्यावं लागतं, आणि त्यासाठी शंभरेक वर्षं मागे जावं लागतं.

१९०५ साली केंब्रिजमध्ये लँग्ली यांनी मांडलं की निकोटिन आणि क्युरारे स्नायूतल्या कुठल्यातरी ‘ग्रहण करणाऱ्या’ पदार्थावर, म्हणजे आज ज्याला रिसेप्टर म्हणतात त्यावर, काम करतात. त्यांचाच विद्यार्थी ए. व्ही. हिल याने १९०९ मध्ये बेडकाच्या स्नायूवर निकोटिन देऊन आकुंचनाचे वक्र काढले. औषध आणि तो पदार्थ एकमेकांना धरतात आणि सोडतात असं मानलं तर गणिताने जो वक्र यायला हवा, तसाच तो आला: सुरुवातीला झपाट्याने चढणारा, मग वाकणारा, आणि शेवटी एका पठाराला टेकत जाणारा. म्हणजे अगदी पहिल्यापासून या वक्रात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पठार किती उंच आहे ही एक, आणि त्या पठाराच्या निम्म्यापर्यंत पोचायला किती औषध लागतं ही दुसरी. पहिली उभ्या अक्षावर वाचायची, दुसरी आडव्या अक्षावर.

आडव्या अक्षावर लॉग का घेतात, याचं उत्तर आमच्या पिढीला हाताने मिळालं. प्रॅक्टिकलला बेडकाचा रेक्टस अ‍ॅब्डोमिनिस स्नायू रिंगरच्या द्रावणात टांगायचा, केरोसिनच्या धुराने काजळी धरलेल्या ड्रमवर लिव्हरचं टोक टेकवायचं, अ‍ॅसिटिलकोलिन घालून नव्वद सेकंद थांबायचं, मग स्नायू धुऊन पुढचा डोस. डोस ०.१, ०.२, ०.४, ०.८ मिलि, असे दरवेळी दुप्पट. ड्रमवरच्या उभ्या रेषांची उंची पट्टीने मोजून साध्या आलेख-कागदावर मांडली की पहिले तीन बिंदू डाव्या कोपऱ्यात एकमेकांना खेटून बसायचे आणि शेवटचा लांब उजवीकडे एकटाच. मग सर लॉग टेबलची पुस्तिका काढायला लावायचे. डोसांचे लॉग घेतले की तेच बिंदू समान अंतरावर यायचे आणि वाकडा वक्र इंग्रजी एस अक्षरासारखा व्हायचा, मधला भाग जवळजवळ सरळ.

ए. जे. क्लार्क यांनी १९२६ मध्ये बेडकाच्या हृदयावर आणि याच रेक्टस स्नायूवर अ‍ॅसिटिलकोलिनचं जे काम प्रसिद्ध केलं, त्यातून ही पद्धत रुजली. औषधाच्या डोसांची व्याप्ती हजारपटींत असते, तिला साधा अक्ष पुरत नाही. पण या सोयीबरोबर एक धोकाही आला. लॉग अक्षावर समान अंतर म्हणजे समान पट, समान फरक नव्हे. दहा आणि शंभर यांच्या बरोबर मधला बिंदू पंचावन्न नसतो, तो बत्तिसाच्या आसपास असतो. माझ्या तक्त्यातल्या अ औषधाचा बत्तीसला प्रतिसाद साधारण ७६ येतो आणि पंचावन्नला ८५. प्रश्न काढणारे हे दोन्ही आकडे शेजारशेजारच्या पर्यायांत ठेवू शकतात, आणि घाईत साध्या पट्टीने मोजणारा चुकीच्या आकड्यावर खूण करतो. म्हणून मी मुलांना सांगतो, आलेख पाहण्याआधी अक्षावरचे आकडे पाहा. १, १०, १०० असं समान अंतरावर लिहिलेलं दिसलं की मधला आकडा अंदाजाने काढायचा नाही.

आता ती आडवी रेघ. क्लार्क यांनी असं गृहीत धरलं होतं की जेवढे रिसेप्टर व्यापले जातील तेवढा प्रतिसाद मिळेल. तसं असतं तर सगळेच रिसेप्टर व्यापणाऱ्या प्रत्येक औषधाचं पठार एकाच उंचीवर यायला हवं होतं. प्रत्यक्षात काही औषधं कितीही दिली तरी अर्ध्यावरच थांबत. एरिएन्स यांनी १९५४ मध्ये आणि एडिंबरोच्या स्टीफनसन यांनी १९५६ मध्ये याचं उत्तर दिलं: रिसेप्टरला चिकटणं वेगळं आणि चिकटल्यावर त्याला कामाला लावणं वेगळं. स्टीफनसन यांनी गिनीपिगच्या आतड्यावर एकाच घराण्यातले क्षार वापरले, फक्त त्यांची कार्बनची साखळी लहान-मोठी होती. लहान साखळीचे क्षार पूर्ण आकुंचन देत, लांब साखळीचे अपुरं देत आणि पूर्ण काम करणाऱ्याच्या आड येत. एफिकसी आणि पार्शल अ‍ॅगोनिस्ट हे शब्द तिथून आपल्या पुस्तकांत आले.

तक्त्यातलं ब हे असंच अपुरं औषध आहे. त्याचं पठार ६० ला आहे. ईसी-५० म्हणजे त्या औषधाच्या स्वतःच्या कमाल प्रतिसादाच्या निम्मा प्रतिसाद देणारा डोस. साठचं निम्मं तीस, आणि तक्त्यात तीससमोर डोस आहे १. अ चं पठार शंभराला, निम्मं पन्नास, डोस १०. म्हणजे ब दहापट पोटंट आणि त्याची एफिकसी कमी. पर्याय तिसरा. ज्यांनी दोघांसाठी एकच पन्नासची रेघ मारली, त्यांनी ब ला अ च्या पट्टीने मोजलं, म्हणून त्यांना दुप्पट हे उत्तर मिळालं. चौथ्या पर्यायात दहाच्या डोसची एकच ओळ उचलली आहे. १२.५ च्या डोसला हे दोन वक्र एकमेकांना छेदतात, त्याच्या डावीकडे ब वर, उजवीकडे अ वर. वक्र छेदत असतील तर एका ओळीवरून काहीही ठरत नाही.

एकदा मी याच तक्त्याला पाचवा पर्याय जोडला: ब ची रिसेप्टरशी अ‍ॅफिनिटी दहापट आहे. तोवर सगळं बरोबर सोडवणारी कागलची एक मुलगी इथे अडली. तिने विचारलं, “सर, ईसी-५० दहापट कमी म्हणजे चिकटण्याची ओढ दहापट जास्तच ना?” तिचं म्हणणं क्लार्क यांच्या गृहीतकाप्रमाणे बरोबर होतं. स्टीफनसन यांनी नेमकं तेच गृहीतक मोडलं. चांगली एफिकसी असलेलं औषध थोडेच रिसेप्टर व्यापून पूर्ण प्रतिसाद काढू शकतं, बाकीचे राखीव राहतात. मग त्याची ईसी-५० त्याच्या खऱ्या अ‍ॅफिनिटीपेक्षा बरीच चांगली दिसते. ईसी-५० मध्ये अ‍ॅफिनिटी आणि एफिकसी दोन्ही मिसळलेल्या असतात, आणि या तक्त्यावरून त्या वेगळ्या करता येत नाहीत. त्यासाठी औषध रिसेप्टरला किती चिकटतं हे मोजणारा निराळा प्रयोग लागतो. तक्त्यात मोजलं आहे ते आकुंचन, आणि पर्याय बोलतो चिकटण्याबद्दल, हे दिसलं की तो खोडायचा.

राखीव रिसेप्टरांमुळे आणखी एक ठरलेला सापळा तयार होतो. विरोधक म्हणजे औषधाच्या कामाच्या आड येणारा पदार्थ. रिसेप्टरवरच्या त्याच जागेसाठी झगडणाऱ्या स्पर्धक विरोधकाने वक्र उजवीकडे सरकतो आणि पठार तसंच राहतं, रिसेप्टर कायमचा बंद करणाऱ्या विरोधकाने पठार खाली येतं, असं पाठ केलेलं असतं. पण ऊतीत रिसेप्टर राखीव असतील तर कायमचा बंद करणाराही थोड्या डोसला फक्त वक्र उजवीकडे सरकवतो. डोस वाढवला की मगच पठार खचतं. म्हणून विरोधकाच्या एकाच डोसचा वक्र दिला असेल आणि तो नुसता सरकलेला असेल, तर ‘निश्चितपणे स्पर्धक’ म्हणणारा पर्याय उचलू नये. दोन-तीन डोसांचे वक्र दिले असतील आणि सगळे समांतर सरकून एकाच उंचीला पोचत असतील, तर तो पर्याय टिकतो.

दिसायला अगदी असाच, पण कुळाने वेगळा असा दुसरा एक आलेख आहे. ट्रेव्हन यांनी १९२७ मध्ये एलडी-५० मांडली. त्याआधी किमान मारक डोस सांगत, आणि तो प्रत्येक प्रयोगशाळेत वेगळा यायचा, कारण प्राणी-प्राणी वेगळा. ट्रेव्हन यांनी प्राण्यांच्या गटाकडे पाहिलं आणि निम्मे मरतील तो डोस धरला. या आलेखातही एस आकार आहे, लॉग अक्ष आहे, पन्नास टक्केही आहेत. पण ते पन्नास टक्के प्राण्यांचे आहेत, परिणामाचे नाहीत. प्रत्येक प्राणी एकतर मेला किंवा जगला, अर्धा परिणाम असा काही नसतोच. इथे चढ तीव्र असेल तर सगळे प्राणी साधारण एकाच डोसला प्रतिसाद देतात, आणि चढ मंद असेल तर त्यांच्यात फार फरक आहे. मृत्यूऐवजी औषधाचा परिणाम मोजला तर निम्म्यांत तो दिसणाऱ्या डोसाला ईडी-५० म्हणतात. ‘ईडी-५० ला प्रत्येक रुग्णात निम्मा परिणाम दिसतो’ हा पर्याय मी वर्षानुवर्षं पाहत आलोय, आणि दरवेळी त्यावर खुणा झालेल्या असतात. उभ्या अक्षाशेजारी ‘प्रतिसाद देणाऱ्यांची टक्केवारी’ लिहिलंय की ‘कमाल प्रतिसादाची टक्केवारी’, एवढं वाचलं असतं तर त्या झाल्या नसत्या.

आता बेडूक गेले, काजळीचे ड्रम कपाटांवर धूळ खात आहेत, आणि मुलं हाच प्रयोग संगणकाच्या पडद्यावर करतात. बेडकांसाठी ते बरंच झालं. मात्र आलेख पडद्यावर आयता येतो, लॉग घेतलेला, नीट वळलेला, आणि पट्टीने उंची मोजायची वेळच येत नाही. म्हणून मी वर्गात अजूनही साधा आलेख-कागद वाटतो. वरचा तक्ता प्रत्येकाने आधी साध्या अक्षावर काढायचा, मग लॉग घेऊन, आणि दोन्हींवर ब च्या पठाराला पेन्सिलने रेघ मारून तिच्या निम्म्यावर दुसरी रेघ मारायची. कागलच्या त्या मुलीने दोन्ही कागद एकमेकांखाली चिकटवले आणि ६० वरून ३० वर, तिथून खाली १ वर असा बाण काढला. तो कागद तिने वहीच्या पहिल्या पानावर लावला होता.