आकृतीत न काढलेल्या रेषा

क्लाउडच्या डिप्लॉयमेंट डायग्राममध्ये शेजारी शेजारी दोन झोन काढायची पद्धत २००८ पासूनची. त्या वर्षी ॲमेझॉनने ईसी२ सेवेत अव्हेलेबिलिटी झोन आणले: रीजन एकच, पण एका झोनमधल्या बिघाडाची झळ दुसऱ्याला लागू नये अशी रचना. २००९ मध्ये व्हीपीसी आले आणि आकृतीत खासगी नेटवर्कची चौकट आली. सर्व्हर दोन्ही झोनमध्ये आहेत ना, डेटाबेस खासगी सबनेटमध्ये आहे ना, एवढे पाहून आकृती मंजूर करणे तेव्हापासून रुळले.

२१ एप्रिल २०११ ला ते अपुरे ठरले. उत्तर व्हर्जिनियात नेटवर्कची क्षमता वाढवताना ट्रॅफिक चुकून कमी क्षमतेच्या मार्गावर वळले. सर्व्हरना जोडल्या जाणाऱ्या ईबीएस डिस्कच्या प्रतींचा आपसातला संपर्क तुटला आणि तो परत येताच असंख्य डिस्क एकदम नव्या प्रतीसाठी जागा शोधू लागल्या. बिघाड एकाच झोनमधला होता. पण डिस्क बनवण्याच्या विनंत्या हाताळणारे ईबीएसचे कंट्रोल प्लेन साऱ्या रीजनला सामाईक होते, म्हणून इतर झोनमध्येही नवी डिस्क बनवणे अडले. हे सामाईक अवलंबन ग्राहकांच्या आकृत्यांमध्ये कुठेच नव्हते.

याच जातीची चूक आजही सर्रास सापडते, आणि ती नॅट गेटवेपाशी. सर्व्हर दोन्ही झोनमध्ये, वर लोड बॅलन्सर, पण खासगी सबनेटमधून इंटरनेटवर जायची वाट असलेला, झोनपुरता चालणारा नॅट गेटवे खर्च वाचवायला फक्त झोन अ मध्ये. झोन अ बंद पडला की लोड बॅलन्सर सगळ्या विनंत्या ब कडे वळवतो. तिथले सर्व्हर हेल्थ चेकला नीट उत्तर देतात, कारण तो चेक बाहेर जातच नाही. पेमेंटच्या बाहेरच्या सेवेला केलेले कॉल मात्र टाइमआउट होतात. आकृतीवर हे पकडायचे तर झोन ब च्या राउट टेबलमध्ये `0.0.0.0/0`, म्हणजे बाहेरच्या सगळ्या पत्त्यांचा मार्ग, कुठे जातो ते विचारावे. उत्तर झोन अ मधले असेल, तर दुसरा झोन निम्माच आहे.

सुरक्षेच्या सीमेबाबत असा धडा २०१९ मध्ये मिळाला. कॅपिटल वन बँकेच्या चुकीच्या कॉन्फिगर केलेल्या वेब फायरवॉलला हल्लेखोराने स्वतःच्या वतीने आतल्या विनंत्या करायला लावले, `169.254.169.254` या मेटाडेटा पत्त्यावरून फायरवॉलच्या रोलची, म्हणजे तिला दिलेल्या परवानग्यांच्या ओळखीची, तात्पुरती क्रेडेन्शियल्स मिळवली आणि एस३ स्टोरेजच्या बकेटमधला डेटा उतरवून घेतला. अमेरिकेतल्या सुमारे १० कोटी लोकांची माहिती त्यात होती. नेटवर्कच्या चौकटी इथे आड येणार नव्हत्या, कारण वाट परवानगीची होती. त्याच वर्षी ॲमेझॉनने आधी टोकन मागणारी मेटाडेटा सेवा, आयएमडीएसव्ही२, आणली. पण रोलला गरजेपेक्षा जास्त बकेट उघडी असतील, तर तो प्रश्न तिने सुटत नाही. म्हणून इंटरनेटकडे तोंड असलेल्या प्रत्येक डब्याचा रोल विचारावा आणि तो जे जे वाचू शकतो तिथवर वेगळ्या रंगाची रेषा ओढावी. फायरवॉलपासून ग्राहकांच्या डेटापर्यंत थेट रेषा गेली, तर मधली सीमा राहून गेली आहे.