शालेय व्यवसाय मेळावा

शाळेच्या आवारात विद्यार्थ्यांनी स्वतः निवडलेली, स्वतः तयार केलेली वस्तू खऱ्या पैशांत विकण्याचा उपक्रम. महाराष्ट्रातील शाळांत याच धर्तीचे बाल आनंद मेळावे आणि बाजारदिन बऱ्याच काळापासून भरतात. त्यांत खाऊची विक्री आणि मौज यांवर भर असतो. व्यवसाय मेळाव्यात विक्रीइतकेच महत्त्व त्याआधीच्या हिशेबाला असते. साधारण सहावी ते नववीची मुले चार-पाच जणांच्या गटाने भाग घेतात. वस्तू निवडण्यापासून हिशेब मिटवण्यापर्यंत तीन ते चार आठवडे लागतात. पुढील विवेचनात ठाण्यातील एका शाळेतील भेळेच्या स्टॉलचे नमुना उदाहरण घेतले आहे. त्यातील दर उदाहरणादाखल आहेत. प्रत्येक गटाने ते बाजारात जाऊन नव्याने विचारायचे असतात, कारण कांदा-टोमॅटोचा भाव दोन आठवड्यांतही बदलतो.

वस्तूची निवड. मेळाव्यात बहुतेक गटांना खाण्याचा पदार्थच विकायचा असतो आणि त्यात गैर काही नाही. मात्र शाळेच्या आवारात गॅस पेटवायला परवानगी नसते, त्यामुळे वडा, डोसा, फ्रँकी यांसारखे गरम पदार्थ आपोआप बाद होतात. मेद, मीठ किंवा साखर जास्त असलेले पदार्थ शाळेत आणि शाळेपासून ५० मीटरच्या आत विकण्यास अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनी मनाई केली आहे, म्हणून शीतपेये आणि वेफर्सही बाद होतात. प्लास्टिकचे पेले आणि स्ट्रॉ यांवर राज्यात २०१८ पासून आणि देशभर १ जुलै २०२२ पासून बंदी आहे. या चाळणीतून भेळ, कोकम सरबत, फळांचे काप, मोड आलेल्या कडधान्यांचे चाट असे मोजकेच पदार्थ उरतात. भेळेत शेव-पुरी तळलेली असते, तेव्हा ती किती घालायची हे शिक्षकांशी आधीच ठरवून घ्यावे लागते.

प्रमाण आणि खर्च. पहिला कच्चा हिशेब ६० प्लेटचा धरू. एका प्लेटला ३० ग्रॅम कुरमुरे आणि १५ ग्रॅम शेव, शिवाय थोडी चुरलेली पुरी, उकडलेला बटाटा, कांदा, टोमॅटो, दोन चटण्या आणि वरून कोथिंबीर. ग्रॅममध्ये मोजणे स्टॉलवर शक्य नसते, म्हणून घरी काट्यावर एकदा वजन करून त्या मापाची वाटी आणि चमचा ठरवून ठेवायचा आणि मेळाव्यात तीच भांडी न्यायची.

खरेदी जांभळी नाक्याच्या बाजारात एका फेरीत होते. वाशीच्या कृषी उत्पन्न बाजार समितीत भाव कमी असला तरी तिथे कांदा-बटाटा गोणीने विकला जातो, आणि या स्टॉलला दीड किलोच लागतो. कोरडा माल, म्हणजे दोन किलो कुरमुरे, एक किलो शेव आणि पुरीची पाकिटे, ५०० रुपयांचा होतो. भाज्यांचे १६५, चिंच-गूळ-खजुराच्या आणि पुदिन्याच्या चटणीचे १६५, मसाला आणि लिंबांचे ५०, तर कागदी द्रोण, लाकडी चमचे आणि टिपकागदांचे २६० रुपये. एकूण १,१४० रुपये, म्हणजे प्लेटमागे १९ रुपये. याला चल खर्च म्हणतात, कारण प्लेटा वाढल्या की तो वाढतो. स्टॉलचे भाडे, फलकाचा कार्डपेपर, हातमोजे, टोप्या आणि रिक्षा मिळून ४०० रुपये मात्र एक प्लेट खपली काय किंवा साठ खपल्या काय, द्यावेच लागतात. हा स्थिर खर्च.

मुलांच्या हिशेबात इथे दोन चुका हमखास सापडतात. पहिली म्हणजे घरून आणलेली वस्तू फुकट धरणे. आईच्या डब्यातला गूळ आणि चाट मसाला बाजारभावाने मांडला नाही, तर प्लेट १९ ऐवजी १५-१६ रुपयांची दिसते आणि किंमत चुकते. दुसरी चूक मापाची. शेव मुठीने घातली तर १५ ऐवजी २० ग्रॅम सहज पडते, आणि एक किलो शेव पन्नासाव्या प्लेटलाच संपते. शेव नसलेली भेळ कोणी घेत नाही. उरलेल्या दहा प्लेटांचे ३०० रुपये बुडतात, आणि पुढे दिसेल की या स्टॉलचा पूर्ण नफा त्याहून कमी आहे.

किंमत. शाळेबाहेर भेळ अमुक रुपयांना मिळते म्हणून आपणही तेवढ्यालाच द्यायची, हा सर्वसाधारण कल असतो. तो तपासायला आकडेमोड करावी लागते. २० रुपये किंमत ठेवली तर प्लेटमागे एकच रुपया सुटतो आणि ४०० रुपये भरून यायला ४०० प्लेटा लागतील. २५ रुपयांना साठच्या साठ प्लेटा खपल्या तरी १,५०० रुपये येतात आणि खर्च १,५४० होतो. ३० रुपयांना सगळ्या खपल्या तर २६० रुपये नफा राहतो.

ना-नफा-ना-तोटा बिंदू काढण्याची पाठ्यपुस्तकातली रीत अशी: स्थिर खर्चाला प्लेटमागे सुटणाऱ्या रकमेने भागायचे. ४०० भागिले ११, म्हणजे ३७ प्लेटा. पण भेळेच्या स्टॉलला हा आकडा फसवा आहे. त्यात असे गृहीत असते की न खपलेल्या प्लेटचा खर्च झालेलाच नाही. प्रत्यक्षात साठ प्लेटांचा माल आदल्या दिवशीच घेतलेला असतो, बटाटे उकडलेले असतात आणि कांदा चिरलेला असतो. सगळा खर्च वसूल व्हायला १,५४० भागिले ३०, म्हणजे ५२ प्लेटा खपाव्या लागतात. खरा आकडा ३७ आणि ५२ यांच्या मध्ये कुठेतरी असतो. न फोडलेली शेवेची पाकिटे आणि कोरे द्रोण परत वापरता येतात, चटणी आणि चिरलेली भाजी येत नाही. म्हणून शेव एक किलोच्या एका पाकिटाऐवजी पाव किलोच्या चार पाकिटांत घ्यावी आणि कांदा दोन हप्त्यांत चिरावा. नाशवंत मालात तोटा असाच आटोक्यात राहतो.

ग्राहकचाचणी. मेळाव्याच्या दहा-बारा दिवस आधी बारा प्लेटांची चाचणी विक्री करतात. घोडबंदर रोडवरील किंवा वसंत विहार परिसरातील एखाद्या गृहसंकुलात, सोसायटीची परवानगी घेऊन, मुले खेळायला उतरतात त्या वेळी टेबल मांडायचे. नातेवाइकांना विकून चाचणी होत नाही. ते कौतुकापोटी घेतात. फुकट चव देऊन ‘कशी झालीय?’ विचारण्यानेही काही कळत नाही, कारण सगळेच ‘छान’ म्हणतात. पूर्ण किमतीला विकायचे आणि वहीत तीन रकाने आखायचे: थांबून पाहिले, किंमत विचारली, विकत घेतली. ‘विचारली’ आणि ‘घेतली’ यांत मोठी तफावत असेल तर अडचण किमतीची आहे. थांबणारेच कमी असतील तर फलकाची किंवा जागेची. चवीबद्दल सर्वांत खरे उत्तर कचऱ्याच्या डब्यात मिळते. द्रोणात तिसरा हिस्सा भेळ उरत असेल तर ती एक तर तिखट आहे किंवा माप मोठे आहे.

चाचणीत कुरमुरेही तपासून घ्यावेत. ठाण्याच्या दमट हवेत उघडी पिशवी तासाभरात सादळते. दोन बोटांत कुरमुरा दाबला की आवाज होऊन चुरा व्हायला हवा. नुसता चेपला तर तो सादळला. सकाळी कढईत मंद आचेवर परतून, पूर्ण गार करून घट्ट झाकणाच्या डब्यात भरला की दुपारपर्यंत टिकतो. गरम असताना भरला तर वाफ धरून पुन्हा मऊ पडतो.

आपल्या उदाहरणात समजा असे दिसले की पालक ३० रुपये सहज देतात, पण मुलांच्या हातात बहुधा विसाची नोट असते आणि ती किंमत ऐकून परत फिरतात. किंमत २० वर आणणे परवडत नाही हे वर आलेच. तेव्हा २० रुपयांची अर्धी प्लेट काढायची. तिचा खर्च निम्मा होत नाही, कारण द्रोण, चमचा आणि टिपकागद पूर्णच लागतो. प्लेटमागे त्याचे सुमारे ४ रुपये ३३ पैसे, शिवाय अर्धा माल ७ रुपये ३३ पैसे, मिळून ११ रुपये ६६ पैसे. तरीही २० रुपयांत ८ रुपयांहून जास्त सुटतात, म्हणजे दोन अर्ध्या प्लेटा एका पूर्ण प्लेटपेक्षा जास्त देतात. तेवढ्याच मालात ३० पूर्ण आणि ६० अर्ध्या प्लेटा करायचे ठरवले, तर ३० द्रोण-चमचे वाढून एकूण खर्च १,६७० रुपये होतो आणि सगळे खपल्यास हाती २,१०० येतात.

विक्रीचा दिवस. आता अडचण वेळेची. एक प्लेट कालवायला सव्वा मिनिट लागत असेल तर अर्ध्या तासाच्या गर्दीत एक मुलगी २४ प्लेटाच देऊ शकते. भेळ आधी कालवून ठेवता येत नाही, पाच-सात मिनिटांत ती ओलसर गोळा होते. उपाय असा: कोरडा माल आधीच पातेल्यात मापून ठेवायचा, चटण्या बाटल्यांत भरायच्या आणि चार अर्ध्या प्लेटा एकदम कालवायच्या. बटाटे सकाळीच उकडावेत, रात्रीचे नकोत. चटणीचे पाणी उकळून गार केलेले असावे. पैसे घेणाऱ्या मुलाने अन्नाला हात लावायचा नाही. शेंगदाणे घातले असतील तर फलकावर तसे ठळक लिहावे, कारण काहींना त्यांची ॲलर्जी असते. यूपीआयचा क्यूआर कोड ज्या पालकांच्या खात्याचा आहे, त्यांचा फोन स्टॉलवरच हवा. समोरच्याच्या फोनवरची हिरवी खूण पाहून प्लेट देऊ नये, आपल्या फोनवर रक्कम जमा झालेली दिसली पाहिजे.

हिशेब मिटवणे. पाच जणांनी प्रत्येकी ४०० रुपये भांडवल घातले, तर २,००० रुपयांतून १,६७० खर्च आणि ३०० रुपयांची सुट्टी मोड भागते. ३० रुपये शिल्लक बाजूला राहतात. समजा २४ पूर्ण आणि ५२ अर्ध्या प्लेटा खपल्या. विक्री १,७६० रुपये. गल्ल्यात आणि यूपीआयमध्ये मिळून २,०६० रुपये असायला हवेत. यातली ३०० रुपये मोड विक्रीत धरली की नफा खोटाच फुगतो, आणि ही मेळाव्यातली सर्वांत सर्रास चूक आहे. नफा ९० रुपये, म्हणजे प्रत्येकी भांडवल परत आणि १८ रुपये. पाच मुलांचे प्रत्येकी चार तास धरले तर तासाला साडेचार रुपये पडतात. ही मजुरी हिशेबाच्या तळाशी वेगळी दाखवावी, खर्चात मिसळू नये. म्हणजे स्टॉलने पैसे कमावले की मुलांच्या फुकट श्रमांनी, हे वेगळे दिसते. गल्ल्यात ५० रुपये कमी भरले तर बहुधा मित्रांना दिलेल्या फुकट प्लेटा असतात. त्यांच्यासाठी वहीत चौथा रकाना सुरुवातीपासून ठेवतात.