दोन फॉर्म, एक देह

समजा, नागपूरच्या धरमपेठेत राहणाऱ्या ५८ वर्षांच्या काकांनी दोन फॉर्म भरून ठेवलेत. एक अवयवदानाचा, म्हणजे ‘नमुना ७’. दुसरा देहदानाचा, मेडिकल कॉलेजच्या शरीररचनाशास्त्र विभागात दिलेला. वर्धा रोडवर त्यांच्या स्कूटरला अपघात होतो आणि तिसऱ्या दिवशी आयसीयूतले डॉक्टर सांगतात, की काका ब्रेनडेड वाटताहेत.

काकू मॉनिटरकडे बघतात. ठोके पडताहेत, छाती वरखाली होतेय, हात कोमट आहे. हा मेलेला माणूस?

अडचण इथेच आहे. हृदयाला ठोक्यासाठी मेंदूचा हुकूम लागत नाही. ठोका सुरू करणाऱ्या पेशी हृदयातच असतात; प्राणवायू मिळतोय तोवर त्या काम करतात. श्वास मात्र मेंदूच्या देठातून, ब्रेनस्टेममधून चालतो. म्हणून तपासणीत व्हेंटिलेटर काढून नळीने नुसता ऑक्सिजन देतात आणि रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढू देतात. त्याचा दाब पाऱ्याच्या ६० मिलिमीटरपर्यंत गेला, की जिवंत ब्रेनस्टेम श्वास घ्यायला लावतोच. काकांची छाती हलत नाही. बुबुळांवर प्रकाश टाकला तरी बाहुल्या आकसत नाहीत. चार डॉक्टरांचं मंडळ किमान सहा तासांच्या अंतराने हे सगळं दोनदा करतं. औषधांची गुंगी किंवा थंड पडलेलं शरीर नाही ना, हे त्याआधीच बघावं लागतं, कारण त्यांनीही असंच चित्र दिसू शकतं.

मग नमुना ७ पुरेसा का नाही? १९९४च्या कायद्यानुसार त्यावर दोन साक्षीदार लागतात, त्यातला एक जवळचा नातेवाईक. पण तो इच्छेचा कागद आहे. माणूस तो कधीही मागे घेऊ शकतो. काकांनी घेतला नव्हता, हे घरचेच सांगू शकतात. शिवाय मृत्यूनंतर देह त्यांच्या ताब्यात असतो. म्हणून रुग्णालयातले अवयवदान समन्वयक त्यांच्यापुढे वेगळा ‘नमुना ८’ ठेवतात. घरच्यांनी नकार दिला, तर काकांची सही असूनही डॉक्टर व्यवहारात पुढे जात नाहीत. मला हे योग्य वाटतं. आयसीयूच्या दाराशी भांडून मिळवलेली किडनी पुढच्या दहा घरांना दानापासून दूर नेईल.

काकू साक्षीदार होत्या, त्यामुळे त्यांना इच्छा माहीत होती. अमरावतीच्या आत्यांना पहिल्यांदाच कळलं आणि त्या अडून बसल्या. डॉक्टरांनी व्हेंटिलेटर काढल्यावर काय दिसलं, ते सविस्तर सांगितलं, तेव्हा त्या गप्प झाल्या. काकूंनी सही केली. नागपूरच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राच्या प्रतीक्षा यादीप्रमाणे अवयव गेले.

आणि देहदान? ते झालं नाही. अपघात असल्यामुळे शवविच्छेदन आलंच. देहदानात धमनीतून फॉर्मालिन सोडून देह टिकवतात. रक्तवाहिन्या कापलेल्या असतील तर ते सगळीकडे पोचत नाही, आणि अवयव काढलेला देह विद्यार्थ्यांना शिकायलाही अपुरा पडतो. काका म्हातारपणी घरीच गेले असते, तर सहा तासांच्या आत डोळे देऊन बाकीचा देह मेडिकलला देता आला असता.

काकांना अंबाझरी घाटावर नेलं. दुसऱ्या फॉर्मची प्रत कपाटातच राहिली.