दोन सूर्य आणि ध्रुवाचा मासा

इंदूरच्या आमच्या वाड्यात खालच्या मजल्यावर एक जैन मावशी राहायच्या. त्यांच्या देवघराशेजारी कापडावर रंगवलेलं एक गोल चित्र टांगलेलं असे. मधोमध मेरू, त्याभोवती आडवे रंगीत पट्टे, सगळ्यांना वेढणारा निळा समुद्र, आणि वर आकाशात दोन सूर्य. शाळेत नुकतीच सूर्यमाला शिकले होते, म्हणून मी विचारलं, दोन कसे? मावशी सहज म्हणाल्या, "एक सूरज अपना, एक उनका." 'उनका' म्हणजे कोणाचा, हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

ते चित्र जंबूद्वीपाचं, म्हणजे जैन विश्वरचनेतल्या मधल्या द्वीपाचं. ते रस्ता शोधायचा नकाशा म्हणून पाहिलं तर काहीच हाती लागत नाही. जीव कुठे कुठे जन्म घेतो, मोक्षाची वाट कुठल्या भूमीतून निघते, याची ती मांडणी आहे, आणि तिला काटेकोर गणिताचा कणा आहे. जंबूद्वीपाचा व्यास 1,00,000 योजनं. दक्षिणेच्या टोकाला धनुष्याच्या आकाराचं भरतक्षेत्र, म्हणजे आपण. त्याच्या वर हिमवान पर्वत, रुंदीने भरताच्या दुप्पट. त्यापुढचं क्षेत्र त्याच्याही दुप्पट. असं 1, 2, 4, 8, 16, 32 करत मधल्या विदेहक्षेत्राशी 64 होतात, आणि मग त्याच पायऱ्या उतरत उत्तरेच्या ऐरावतक्षेत्राशी पुन्हा 1. सगळे मिळून 190 भाग. लाखाला 190 ने भागा, भरताची रुंदी मिळते 526 पूर्णांक 6/19 योजनं. तत्त्वार्थसूत्र या जैन ग्रंथाच्या दिगंबर पाठात हाच आकडा अपूर्णांकासकट सूत्रात बसवला आहे.

म्हणजे ऐरावत हे भरताचं आरशातलं रूप. इथे गंगा-सिंधू, तर तिथे रक्ता-रक्तोदा. मावशींचे 'ते' म्हणजे ऐरावतातले लोक. इथे जे आहे ते तिथेही असलं पाहिजे, मग सूर्य एकट्या आपल्यालाच कसा?

पण दुसरा सूर्य नुसत्या समतोलासाठी आलेला नाही, हिशेबालाही तो लागतो. या रचनेत पृथ्वी सपाट आहे आणि सूर्य मेरूभोवती तिला समांतर फिरतो. त्याचा उजेड पंख्यासारखा पसरतो. उन्हाळ्यात, सूर्य त्याच्या फेऱ्यांच्या वाटांपैकी सर्वांत आतल्या कड्यावर असताना, तो पंखा वर्तुळाचा 3/10 भाग व्यापतो. हिवाळ्यात, सर्वांत बाहेरच्या कड्यावर, 2/10. आता एकच सूर्य धरा आणि त्याला एका दिवसात फेरी पूर्ण करू द्या. ऐन उन्हाळ्यातला दिवससुद्धा 24 तासांचा 3/10, म्हणजे जेमतेम सव्वासात तासांचा होईल. हे तर कोणाच्याही डोळ्यांना पटणार नाही. म्हणून फेरीला दोन दिवस द्यायचे, आणि मधली लांबलचक रात्र भरून काढायला समोरासमोर दुसरा सूर्य ठेवायचा. आजचा आपला सूर्य उद्या ऐरावतात, परवा पुन्हा आपल्याकडे. मला ही युक्ती फार देखणी वाटते, कारण तिच्यातून दिवसाची लांबी ऋतूप्रमाणे बदलत जाते.

ती बदलते कशी, तेही सूर्यप्रज्ञप्ती या जैन ज्योतिषग्रंथात नेमकं सांगितलं आहे. सूर्याची 184 कडी आहेत. रोज तो एक कडं ओलांडतो, सहा महिने बाहेर आणि सहा महिने आत. दर कड्याला दिवस 2/61 मुहूर्ताने कमी-जास्त होतो. 184 कड्यांमध्ये 183 पावलं, म्हणून एकूण फरक 6 मुहूर्तांचा: सर्वांत मोठा दिवस 18 मुहूर्त, सर्वांत लहान 12. मुहूर्त 48 मिनिटांचा, म्हणजे 14 तास 24 मिनिटं आणि 9 तास 36 मिनिटं.

हे इंदुरात घरबसल्या ताडून पाहता येतं. पंचांगातलं दिनमान काढा. आपल्याकडे जूनमधला सर्वांत मोठा दिवस साधारण साडेतेरा तासांचा आणि डिसेंबरमधला सर्वांत लहान पावणेअकराच्या आसपास. ग्रंथातला फरक पावणेपाच तासांहून थोडा जास्त, आपला पावणेतीन. 18 मुहूर्तांचा दिवस पाहायचा तर साधारण 35 अक्षांशांपर्यंत, काश्मीरच्या खोऱ्याच्याही उत्तरेला जावं लागेल. हेच 3 ला 2 प्रमाण वेदांगज्योतिषात आहे आणि प्राचीन बाबिलोनमध्येही होतं. दुसरी गोष्ट त्याच पानांवर दिसेल. ग्रंथाप्रमाणे दिवस रोज सारखाच, सुमारे दीड मिनिटाने बदलायला हवा. प्रत्यक्षात मार्च आणि सप्टेंबरमध्ये तो भराभर बदलतो आणि 21 जूनच्या आगेमागे जवळजवळ थांबतो.

एवढ्याने रचना कोसळत नाही. आकडे दुरुस्त करता येतात, पायऱ्या लहान-मोठ्या करता येतात. खरा घाव आमच्या शेजारून आला, अवंतीतून. सहाव्या शतकात वराहमिहिराने पंचसिद्धांतिकेत दोन सूर्य मानणाऱ्यांना विचारलं: मग सूर्यापासून ध्रुवाकडे काढलेली रेघ एकाच दिवसात पूर्ण फेरी कशी मारते? पुढे भास्कराचार्यांनीही ध्रुवाजवळच्या माशाकडे, म्हणजे ध्रुवमत्स्य या तारकासमूहाकडे, बोट दाखवून हाच मुद्दा मांडला.

हा प्रश्न इतका नेमका का, ते सांगते. उगवणाऱ्या-मावळणाऱ्या सूर्याबद्दल "आजचा तोच की दुसरा?" हे डोळ्यांनी ठरवता येत नाही. मावळल्यावर तो नजरेआड होतो, आणि तिथेच दुसऱ्या सूर्याला जागा मिळते. ताऱ्यांसाठीही या परंपरेने नक्षत्रांचे दोन संच मानले, 28 ऐवजी 56, म्हणजे त्यांचीही फेरी दोन दिवसांची. पण ध्रुवाजवळचे तारे मावळतच नाहीत. अदलाबदलीला आडोसाच उरत नाही. शिवाय दुसरी फेरी पूर्ण व्हायची वाटही पाहावी लागत नाही, नुसता वेग मोजला की झालं.

मी तो मोजला. एप्रिलचा दुसरा आठवडा, शहराच्या दिव्यांपासून दूर, उत्तरेला मोकळी असलेली गच्ची. इंदूरचा अक्षांश पावणेतेवीसच्या जवळ, म्हणून ध्रुव क्षितिजापासून तेवढ्याच अंशांवर: हात लांब करून मूठ धरली तर दोन मुठींच्या थोडा वर. रात्री आठला त्याच्या उजवीकडे, जवळपास त्याच उंचीवर, तितकाच ठळक पण किंचित नारिंगी तारा दिसतो. दोघांच्या मध्ये दीडेक मुठीचं अंतर. या दोन ताऱ्यांना जोडणारी रेघ शाळेतल्या पट्टीसारखी आडवी धरायची आणि कागदावर काढून ठेवायची.

फेरी दोन दिवसांची असेल तर सहा तासांत रेघ 45 अंश फिरेल, तारा ध्रुवाच्या उजवीकडे वर तिरपा दिसेल. एका दिवसाची असेल तर 90 अंश.

दोन वाजता गजर लावून पुन्हा वर गेले. तारा ध्रुवाच्या बरोबर डोक्यावर होता आणि रेघ ओळंब्यासारखी उभी.