पाळीविषयक मराठी शब्दप्रयोग

पाळी येणे, चुकणे आणि कायमची थांबणे यांसाठी मराठीत जे शब्द वापरले जातात, त्यांचे ढोबळमानाने तीन थर दिसतात. रजोदर्शन, ऋतुस्राव, रजोनिवृत्ती हे ग्रंथातले; पाळी, पाळी चुकणे, पाळी जाणे हे रोजच्या बोलण्यातले; आणि कावळा शिवणे, बाहेरची होणे, अडचण येणे हे आडून सांगणारे. समजावून सांगायचे असेल तेव्हा मधला थर सर्वांत उपयोगी पडतो. ‘पाळी’ म्हणजे ठरावीक काळाने येणारा क्रम. या शब्दात विटाळ नाही आणि लपवाछपवीही नाही. ‘कावळा शिवला’ म्हटल्यावर बाई घरात वेगळी बसली एवढेच कळते. तिच्या शरीरात काय चालले आहे ते कळत नाही. ‘अडचण’ तर कशाचीही असू शकते.

मात्र साधा शब्द नेहमी स्पष्ट असतोच असे नाही. खरा घोळ ‘जाणे’ या एका क्रियापदाने घातला आहे. ‘दिवस गेले’ म्हणजे गर्भ राहिला. ‘पाळी गेली’ म्हणजे ती कायमची थांबली. ‘अंगावरून जाते’ म्हणजे रक्त जाते किंवा पांढरा स्राव जातो, आणि कोणता ते विचारल्याशिवाय समजत नाही. ‘पाळी बंद झाली’ हे आणखी निसरडे. या महिन्याचे रक्त जायचे थांबले, तीन महिने पाळीच आलेली नाही, किंवा वय झाल्याने ती संपली, असे तिन्ही अर्थ त्यात बसतात. बाई एक अर्थ मनात धरून सांगते, ऐकणारी दुसरा धरते आणि दोघींनाही आपण नीट बोललो असेच वाटते.

‘पाळी जाणे’ याचा वैद्यकीय अर्थ नेमका आहे. गरोदरपण, अंगावर पाजणे, औषधे किंवा शस्त्रक्रिया असे दुसरे कारण नसताना सलग बारा महिने पाळी आली नाही, तर ती गेली असे म्हणतात. यालाच रजोनिवृत्ती किंवा मेनोपॉज हे नाव. म्हणजे पाळी ज्या दिवशी गेली त्या दिवशी ते कुणालाच सांगता येत नाही. वर्ष उलटल्यावर मागे वळून बघूनच ते कळते. बहुतेकींची पाळी वयाच्या 45 ते 55 वर्षांच्या दरम्यान जाते. चाळिशीच्या आत थांबली तर ‘लवकर गेली’ म्हणून सोडून न देता तपासणी करावी लागते.

त्याआधीची काही वर्षे वेगळी असतात. पाळी पुढेमागे होते, दोन-तीन महिने दडी मारते, मग भरपूर जाते. अंगातून गरम वाफा निघतात, रात्री घाम फुटतो. या काळासाठी ‘पाळी जाण्याच्या आधीची वर्षे’ असे सरळ म्हणणे बरे. ‘पाळी जायला लागली’ हे बोलताना चालते, पण त्याने पाळी गेलीच असा समज होतो. या वर्षांत अधूनमधून अंडे बाहेर पडत असते, त्यामुळे दिवस जाऊ शकतात. गर्भनिरोधन थांबवताना म्हणूनच सहसा पन्नाशीनंतर शेवटच्या पाळीपासून एक वर्ष आणि पन्नाशीच्या आत दोन वर्षे मोजली जातात.

एक उदाहरण घेऊ. फेब्रुवारी महिना आहे. एकोणपन्नास वर्षांची बाई म्हणते, “गणपतीनंतर माझी पाळी गेली होती, आता परत आली.” ऐकणारीने मान डोलावली तर गोष्ट तिथेच संपते. तिने विचारायला हवे, “मावशी, गणपती गेल्या वर्षीचे की त्याच्या आदल्या वर्षीचे?” गेल्या वर्षीचे असतील तर मध्ये पाचच महिने गेले, पाळी गेलेली नव्हती, लांबली होती. त्याच्या आदल्या वर्षीचे असतील तर सतरा महिने झाले, आणि मग आत्ता जाणारे रक्त ही पाळी नव्हेच. दोन्ही वेळा बाईचे वाक्य तेच, अर्थ मात्र पूर्ण वेगळा.

वर्ष उलटून गेल्यावर पाळी ‘परत येते’ ही समजूत याच शब्दातून आली असावी. गेलेली वस्तू परत येऊ शकते, असे भाषाच सुचवते. पाळीचे रक्त येण्यासाठी दर महिन्याला गर्भाशयाचे आतले अस्तर वाढावे आणि गळून पडावे लागते. अंडाशयांचे काम थांबल्यावर हे चक्र चालत नाही. मग रक्त आले तर त्याला ‘पाळी गेल्यानंतरचा रक्तस्राव’ म्हणायचे, डाग एकच असला तरी. कारण बहुतेकदा साधे निघते: अस्तर किंवा योनीची त्वचा पातळ झालेली असते, नाहीतर आत पॉलिप नावाची छोटी वाढ असते. पण गर्भाशयाच्या कर्करोगाची पहिली खूणही हीच असू शकते, म्हणून थांबून पाहायचे नसते. सहसा आतून सोनोग्राफी करून अस्तराची जाडी पाहतात आणि ती 4 मिलिमीटरपेक्षा जास्त असली तर तुकडा काढून तपासतात. तपासणी साधी असूनही बायका उशिरा येतात. ‘परत आली, आपोआप जाईल’ असे म्हणण्यातच महिने निघून जातात.

‘पिशवी काढली’ या शब्दांतही असाच घोळ आहे. पिशवी म्हणजे गर्भाशय. ते काढल्यावर रक्त जाणे थांबते, पण अंडाशये जागेवर असतील तर त्यांचे काम चालू राहते आणि गरम वाफांचा त्रास पुढे नेहमीच्या वयाच्या सुमारास सुरू होतो. अंडाशयेही काढली असतील तर तो काही दिवसांतच सुरू होऊ शकतो. काय काढले हे पुष्कळ बायकांना माहीत नसते. डिस्चार्ज कार्डावर फक्त गर्भाशयाचा उल्लेख आहे की अंडाशयांचाही, ते वाचून सांगावे लागते. रक्त आतच साठते आणि त्याची घाण होते, ही भीतीही ऐकू येते. जिथून रक्त यायचे ते अस्तरच राहिलेले नसते, तेव्हा साठायलाही काही नसते.

शेवटचा मुद्दा जागेचा. ‘लघवीच्या जागेतून रक्त जाते’ असे सांगितले जाते, कारण योनी हा शब्द तोंडातून निघत नाही. पण लघवीचे द्वार, योनी आणि गुदद्वार अशा तीन वेगळ्या वाटा आहेत, आणि वाट बदलली की तपासणीही बदलते. विचारणारीने तिन्ही नावे आधी स्वतः, आवाज न उतरवता उच्चारावीत. मग बाईलाही ती उच्चारता येतात. त्यानंतर विचारायचे ते एवढेच: रक्त लघवी करतानाच दिसते का, संडासच्या वेळी दिसते का, की एरवीही कपड्याला लागते? एरवीही लागत असेल तर बहुधा ते योनीतून येत असते.